‘चोर’ हा शब्द काढा, तक्रार जड होते

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं बरं वाटतं त्यांच्यासाठी हे शब्दांकन. बोलताना जे ‘म्हणजे काय’, ‘तर’, ‘ऐका ना’ आलं होतं, त्यातलं थोडं काढलंय, थोडं तसंच ठेवलंय.

विषय सोपा वाटेल. कोणीतरी पैसे घेतले, काम नीट केलं नाही, आणि आता तुम्हाला त्याबद्दल चार लोकांना दिसेल असं लिहायचंय. रागाने लिहिलेला पहिला मजकूर तुमच्या फोनमध्ये तयार आहे. तो टाकण्याआधी कसा बदलायचा, एवढंच आज बघायचं. सौम्य करायचा नाहीये हं. उलट जास्त कडक करायचाय, पण त्यातली शिवी काढून.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. शिवी दिली की तक्रार जोरदार होते असं आपल्याला वाटतं. खरं तर शिवी म्हणजे एक नवीन आरोप असतो, आणि तो सिद्ध करायची जबाबदारी तुमच्यावर येते. ‘फ्रिज दुरुस्त झाला नाही’ हे दाखवायला एक पावती पुरते. ‘हे चोर आहेत’ हे दाखवायला समोरच्याच्या मनात काय होतं ते दाखवावं लागतं. तुमच्याकडे पावती आहे, त्याचं मन नाही. मग जे हातात आहे ते सोडून, जे नाही त्यावर भांडायला का जायचं?

आता उदाहरण घेऊ. मी करी रोडला राहतो. आमच्या मजल्यावर एक काकू आहेत, घरून डबे देतात. आसपासच्या ऑफिसांमध्ये त्यांचे अकरा डबे जातात रोज. त्यांचा डबल डोअर फ्रिज जून २०२५ मध्ये बिघडला आणि एका सर्व्हिस सेंटरबरोबर त्यांचा मोठा घोळ झाला. सर्व्हिस सेंटरचं नाव मी इथे घेणार नाही, त्याची गरजही नाही. १५ जूनला रविवारी संध्याकाळी काकूंनी मला व्हॉट्सॲपवर हा मजकूर पाठवला आणि खाली लिहिलं, ‘बघ रे, टाकू का?’

‘चोर आहेत हे लोक!!! कोणीही यांच्याकडे फ्रिज देऊ नका. गॅस भरलाच नाही आणि ३,२५० रुपये लुटले. मुद्दाम बिघडवून ठेवतात म्हणजे परत पैसे काढता येतात. दहा वेळा फोन केला, उचलतच नाहीत. तो पोरगा तर एक नंबरचा खोटारडा, काही येत नाही त्याला. म्हणे कॉम्प्रेसर गेला! सगळे बाहेरून आलेले, यांना कसली लाज. गरिबाचे पैसे खाऊन पचणार नाहीत.’

वाचल्यावर काकूंचा राग कळतो. पण घडलं काय, ते कळत नाही. कधी घडलं, किती दिवस लागले, काकूंना नेमकं काय हवंय, यातलं काहीच नाही. एकच आकडा आहे, ३,२५०. तो मात्र पक्का आहे.

मी धंद्याने सॉफ्टवेअरवाला. आमच्याकडे ॲप बिघडलं की बग रिपोर्ट लिहितात, आणि त्याचा एक जुना साचा आहे. काय केलं, काय व्हायला हवं होतं, प्रत्यक्षात काय झालं. ‘ॲप फालतू आहे’ असा रिपोर्ट आला तर तो बंद होतो, कारण त्यावर करण्यासारखं काही नसतं. ‘पैसे भरा हे बटण दाबलं, पावती यायला हवी होती, पांढरा स्क्रीन आला’ असं लिहिलं की तो बंद करता येत नाही. कोणाला तरी उत्तर द्यावंच लागतं. काकूंच्या मजकुरालाही मी तोच साचा लावला. त्यासाठी आधी प्रत्येक वाक्याला एक प्रश्न विचारायचा: हे मी पाहिलं, की मी यावरून अंदाज केला, की हे माझं मत आहे?

पाहिलेलं ठेवायचं. अंदाज असेल तर तो काढून, ज्यावरून अंदाज केला ती गोष्ट लिहायची. मत असेल तर ‘मला वाटतं’ म्हणून, आणि आधी घटना सांगून मगच लिहायचं. बस, तीनच पेट्या.

चला, एकेक वाक्य घेऊ.

‘गॅस भरलाच नाही.’ मी काकूंना विचारलं, ‘काकू, तुम्ही बघितलंत का, त्याने भरला नाही ते?’ म्हणाल्या, ‘अरे, मी पोळ्या लाटत होते. पण भरला असता तर चार दिवसांत परत बंद पडला असता का?’ म्हणजे हा अंदाज. ज्यावरून केला ती गोष्ट अशी: २ जूनला गॅस चार्जिंगचे पैसे भरले आणि ६ जूनला खालचा कप्पा पुन्हा गार व्हायचा थांबला. ही दोन वाक्यं लिहिली की वाचणारा तोच अंदाज स्वतः करतो, आणि तो तुमचा आरोप राहत नाही.

इथे पुढे जे झालं ते लक्षात ठेवण्यासारखं आहे. १६ जूनला काकूंनी दुसऱ्या एका तंत्रज्ञाला बोलावलं. त्याने सांगितलं की फ्रीझर व्यवस्थित गार होतोय, म्हणजे गॅस आहे आणि कॉम्प्रेसरही चालू आहे. या प्रकारच्या फ्रिजमध्ये मागच्या कॉइलवर बर्फ साठतो आणि तो ठरावीक वेळाने वितळवायला एक डिफ्रॉस्ट हीटर असतो. तो हीटर गेला की बर्फाने हवेची वाट बंद होते. मग फ्रीझर गार राहतो, पण खालच्या कप्प्यात गारवा पोचत नाही. हीटर बदलला, १,४०० रुपये लागले, फ्रिज चालू झाला.

आता बघा. ‘गॅस भरलाच नाही’ हे वाक्य १५ तारखेला टाकलं असतं तर ते कदाचित खोटं ठरलं असतं. सर्व्हिस सेंटरने म्हटलं असतं, ‘आम्ही गॅस भरला, हा बघा रेकॉर्ड, या बाई खोटं बोलतायत.’ आणि काकूंची तक्रार मुळात खरी असूनही काकूच खोट्या ठरल्या असत्या. त्यांची खरी तक्रार वेगळीच होती. ज्या कामाचे पैसे घेतले त्या कामाने बिघाड गेला नाही, ही. ती पूर्णपणे त्यांच्या हातात होती.

पुढचं वाक्य: ‘मुद्दाम बिघडवून ठेवतात.’ यात दोन गोष्टी आहेत. ‘मुद्दाम’ म्हणजे हेतू, तो आपल्याला दिसत नाही. आणि ‘ठेवतात’ हे क्रियापद बघा. मराठीत ‘ठेवला’ म्हटलं की एकदा घडलेली गोष्ट. ‘ठेवतात’ म्हटलं की सवय, सगळ्यांच्या बाबतीत, नेहमी. काकूंना एकच अनुभव आहे, स्वतःचा. एवढ्याशा प्रत्ययाने त्या सगळ्या गिऱ्हाइकांच्या वतीने साक्ष देऊ लागल्या! ‘उचलत नाहीत’, ‘ऐकत नाहीत’, ‘परत देत नाहीत’ हे सगळं याच जातीचं. रागात आपण आपोआप सवयीचं क्रियापद वापरतो. ते एकदाच्या घटनेचं करायचं, तारखेसकट. ‘फोन उचलत नाहीत’ ऐवजी ‘१२ जूनला दुपारी दोन वेळा फोन केला, उचलला गेला नाही.’

तसंच ‘दिलं नाही’ आणि ‘मिळालं नाही’. त्यांनी मेसेजला उत्तर दिलं की नाही, कुठे अडकलं, हे मला माहीत नाही. मला मिळालं नाही, हे मात्र नक्की माहीत आहे. ‘उत्तर मिळालं नाही’ या वाक्याला कोणी खोटं म्हणू शकत नाही, आणि त्याने जोरही कमी होत नाही.

‘दहा वेळा फोन केला.’ मी म्हणालो, ‘काकू, फोन द्या जरा.’ कॉलच्या यादीत ११ ते १५ जूनमध्ये सहा कॉल निघाले, त्यातला एक ४० सेकंदांचा, म्हणजे उचलला गेलेला. काकू म्हणाल्या, ‘अरे, दहा काय नि सहा काय!’ आपल्या बोलण्यात दहा म्हणजे पुष्कळ, बरोबर आहे. पण लिहिल्यावर दहा म्हणजे दहाच. समोरचा माणूस उत्तर देताना तुमचं सगळ्यात कच्चं वाक्य उचलतो आणि फक्त त्यावरच बोलतो. ‘आमच्याकडे सहाच कॉलची नोंद आहे आणि एकाला उत्तर दिलंय’ एवढं त्याने लिहिलं की वाचणाऱ्याला वाटतं, बाकीचंही असंच फुगवलेलं असेल. सहा हा आकडा दहापेक्षा लहान आहे, पण तो पुसता येत नाही.

‘म्हणे कॉम्प्रेसर गेला!’ हा ‘म्हणे’ मला फार आवडतो, आपल्या भाषेचा खास आहे. एका शब्दात ‘तो असं बोलला’ आणि ‘माझा विश्वास नाही’ दोन्ही. पण तक्रारीत त्याचा तोटा होतो, कारण बोलणं आणि टोमणा एकमेकांत मिसळतात. सरळ लिहायचं: ‘कॉम्प्रेसर बदलावा लागेल, ७,५०० रुपये लागतील, असं ते म्हणाले.’ आणि त्याच्यापुढे, काही न बोलता: ‘१६ जूनला दुसऱ्या तंत्रज्ञाने कॉम्प्रेसर न बदलता १,४०० रुपयांत फ्रिज चालू केला.’ टोमणा मारायची गरजच उरली नाही.

‘तो पोरगा खोटारडा, काही येत नाही त्याला.’ इथे मी जरा अडून बसलो. तो पोरगा वीस-बावीस वर्षांचा. भेटीचे पैसे किती, गॅसचे किती, हे त्याने ठरवलेलं नाही. वॉरंटीत फुकट दुरुस्ती द्यायची की नाही, हेही त्याच्या हातात नाही. काकूंनी मूळ मजकुराबरोबर त्याचा फोटो आणि मोबाइल नंबरही टाकायचं ठरवलं होतं. तसं झालं असतं तर मालक बाजूला राहिला असता, त्या पोराला रात्री-बेरात्री अनोळखी माणसांचे फोन आले असते आणि कदाचित नोकरीही गेली असती. तक्रार सेवेची आहे, पैसे सेंटरने घेतलेत, तर नाव सेंटरचं घ्यायचं. माणसाच्या जागी ‘तंत्रज्ञ’ लिहायचं. कंपनीला तो कोण ते कळायला जॉब क्रमांक पुरतो.

आणि ‘सगळे बाहेरून आलेले’ या वाक्याला पेटीच नाही. ते घटना नाही, अंदाज नाही, फ्रिजबद्दल तर नाहीच. गिरणगावात राहून हे बोलायला सोपं जातं हे मला माहीत आहे. पण आमच्या चाळींतले आजोबाही कोकणातून, घाटावरून गिरणीत आले तेव्हा बाहेरूनच आले होते. शिवाय हे वाक्य राहिलं की खाली सगळी चर्चा त्यावरच होते, दोन्ही बाजूंनी शिव्या सुरू होतात, आणि ३,२५० रुपये कुणाला आठवत नाहीत. याचं दुसऱ्या शब्दांत रूपांतर करायचं नाही, ते सरळ पुसायचं.

आता राहिला ‘चोर’ आणि ‘लुटले’. इथे थोडा कायदा. मी वकील नाही, पण तीन गोष्टी समजून घेतल्या की हा शब्द का काढायचा ते पटतं.

पहिली. फसवणुकीचा गुन्हा सिद्ध व्हायला लबाडीचा हेतू दाखवावा लागतो. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मात्र हेतू विचारत नाही. त्यात ‘सेवेतील त्रुटी’ अशी संज्ञा आहे. कबूल केलेल्या कामाच्या दर्जात, पद्धतीत जी कमतरता राहिली ती त्रुटी. निष्काळजीपणाने ग्राहकाचं नुकसान झालं तर तेही त्यातच येतं. म्हणजे काकूंना जे मिळवायचं होतं, पैसे परत, त्यासाठी ‘त्रुटी’ दाखवणं पुरेसं होतं. ‘चोर’ म्हणून त्यांनी स्वतःसाठी उगाच उंच भिंत बांधली असती.

दुसरी. बदनामी हा आपल्याकडे अजूनही फौजदारी गुन्हा आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, तिच्या कलम ३५६ मध्ये तो आहे. त्याला अपवादही आहेत. लोकहितासाठी सांगितलेली खरी गोष्ट, स्वतःच्या किंवा इतरांच्या हिताच्या रक्षणासाठी सद्भावनेने केलेलं विधान, असे. तुमची तक्रार या अपवादांत बसावी असं वाटत असेल तर ती खरी आणि सद्भावनेची दिसली पाहिजे. तारखा, रक्कम, पावती असलेला मजकूर तसा दिसतो. तीन उद्गारचिन्हं आणि ‘चोर’ असलेला दिसत नाही.

तिसरी गोष्ट आपल्या मुंबई उच्च न्यायालयातली. एका यूट्यूबरने २०१८ मध्ये पॅराशूट खोबरेल तेलाच्या शुद्धतेवर प्रश्न उभा करणारा व्हिडिओ टाकला होता. मॅरिको कंपनी न्यायालयात गेली. जानेवारी २०२० मध्ये एकल न्यायाधीशांनी व्हिडिओ काढायला सांगितला. त्यांचं म्हणणं साधारण असं, की ज्याचं लोक ऐकतात त्याने वस्तुस्थिती म्हणून विधान करायचं तर त्याला भक्कम आधार हवा, मत म्हणून सुटता येणार नाही. यूट्यूबर अपिलात गेला. फेब्रुवारीत खंडपीठाने, आक्षेपार्ह विधानं बदलून किंवा वगळून व्हिडिओ पुन्हा दाखवायची अंतरिम मुभा दिली. काकूंचं प्रकरण एवढं मोठं नाही, आणि ते प्रकरण मालाबद्दलचं होतं, सेवेबद्दलचं नव्हतं. पण मला त्यातला शेवट महत्त्वाचा वाटतो. भांडण अख्ख्या व्हिडिओपासून सुरू झालं आणि येऊन थांबलं काही विधानांवर. ती विधानं बदलल्यावर टीका करायला वाव राहिला. आपण घरबसल्या, पोस्ट टाकण्याआधी, नेमकं तेच काम करतोय.

मग मत कधी लिहायचंच नाही का? लिहायचं. राग हा तक्रारीचा भाग आहे, तो लपवला तर वाचणाऱ्यालाही खोटं वाटतं. फक्त एकच वाक्य लिहायचं, सगळ्या घटना सांगून झाल्यावर, आणि ते वागण्याबद्दल लिहायचं, माणसाबद्दल नाही. ‘ते बेजबाबदार आहेत’ आणि ‘हे वागणं मला बेजबाबदार वाटतं’ यात फरक आहे. दुसऱ्या वाक्याचा आधार वरच्या चार ओळींत वाचणाऱ्याला दिसत असतो.

हे सगळं करून १९ जूनला, म्हणजे दुसऱ्या दुरुस्तीनंतर फ्रिज तीन दिवस नीट चालला याची खात्री झाल्यावर, काकूंनी जो मजकूर टाकला तो असा. वर सर्व्हिस सेंटरचं नाव आणि जॉब क्रमांक होता.

‘फ्रिज दुरुस्तीचे ३,२५० रुपये भरले, चार दिवसांत तोच बिघाड, वॉरंटीत दुरुस्ती मिळाली नाही.

२ जून: आमच्या डबल डोअर फ्रिजचा खालचा कप्पा गार होत नव्हता. तंत्रज्ञांनी गॅस चार्जिंग करावं लागेल असं सांगितलं. भेटीचे ४५० आणि गॅसचे २,८०० रुपये यूपीआयने भरले. पावतीवर ९० दिवसांची वॉरंटी लिहिली आहे.

६ जून: खालचा कप्पा पुन्हा गार व्हायचा थांबला. त्याच दिवशी तक्रार नोंदवली. उद्या माणूस येईल असं सांगण्यात आलं. ७ ते १० जून कोणी आलं नाही.

११ जून: तंत्रज्ञ आले. कॉम्प्रेसर बदलावा लागेल, ७,५०० रुपये लागतील असं म्हणाले. वॉरंटीबद्दल विचारल्यावर ऑफिसशी बोला म्हणाले. ११ ते १५ जून मी सहा वेळा फोन केला, एक उचलला गेला, त्यात कळवतो असं सांगितलं. दोन मेसेजना उत्तर मिळालं नाही.

१६ जून: दुसऱ्या तंत्रज्ञाने डिफ्रॉस्ट हीटर बदलला, १,४०० रुपये. कॉम्प्रेसर बदललेला नाही. फ्रिज तेव्हापासून नीट चालू आहे. दोन्ही पावत्या माझ्याकडे आहेत.

मी घरून डबे देऊन पोट भरते. १२ आणि १३ जूनचे मिळून २२ डबे मला रद्द करावे लागले. एकाच लक्षणावर आधी गॅस आणि मग कॉम्प्रेसर सांगणं, आणि वॉरंटीबद्दल उत्तर न मिळणं, हे मला बेजबाबदार वाटतं.

माझी मागणी: गॅस चार्जिंगचे २,८०० रुपये २६ जूनपर्यंत परत करावेत. हाच मजकूर ईमेलनेही पाठवला आहे. जे उत्तर येईल ते इथेच लिहीन.’

यात तीन गोष्टींकडे लक्ष द्या.

एक, मागणी नेमकी आहे. रक्कम एक, तारीख एक. भेटीचे ४५० काकूंनी मागितले नाहीत, कारण माणूस खरंच आला होता. डब्यांचं नुकसान सांगितलं पण त्याचे पैसे मागितले नाहीत, कारण त्याचा हिशेब कागदावर नव्हता. जेवढं दाखवता येतं तेवढंच मागितलं की ‘नाही’ म्हणणं अवघड जातं.

दोन, ‘घरून डबे देऊन पोट भरते’ हे शब्द मुद्दाम तसे आहेत. व्यापारी हेतूने सेवा घेणारा ग्राहक कायद्याच्या बाहेर पडतो, पण स्वयंरोजगाराने पोट भरण्यासाठी वस्तू विकत घेऊन वापरणारा बाहेर पडत नाही. नुसतं ‘माझा कॅटरिंगचा बिझनेस आहे’ असं ऐटीत लिहिलं तर समोरच्या वकिलाला एक मुद्दा फुकट मिळतो.

तीन, धमकी नाही. ‘कोर्टात खेचीन’ असं कुठेही नाही. जायचंच असेल तर ते वेगळं काम आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग, तो तर आमच्यापासून जवळ, परळच्या पुरवठा भवनात. तक्रार करायला कारण घडल्यापासून दोन वर्षं मिळतात आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. आता ई-जागृतीवरून ऑनलाइनही होतं. आणि तिथे द्यायचा तारीखवार मजकूर तुमच्याकडे आधीच तयार आहे. ‘चोर आहेत हे लोक’ घेऊन तिथे गेलात तर पहिल्यापासून लिहायला बसावं लागेल.

पुढे काय झालं? २१ जूनला सेंटरमधून फोन आला. आवाज गोड. ‘मॅडम, पैसे देतो, पण आधी पोस्ट काढा.’ हे अगदी ठरलेलं असतं, तयार राहा. काकूंनी उत्तर दिलं, आणि ते मी शिकवलेलं नव्हतं हं, त्यांचंच: ‘पैसे आले की आले असं लिहीन. झालेलं कसं काढू?’ पैसे २४ तारखेला जमा झाले. काकूंनी मूळ मजकूर तसाच ठेवून खाली एक ओळ लिहिली: ‘२४ जून: सेंटरने २,८०० रुपये परत केले. माझी मागणी पूर्ण झाली.’

ती ओळ लिहिणं हा पुनर्लेखनाचाच भाग आहे असं मी मानतो. पैसे परत आल्यावरही तक्रार जशीच्या तशी उभी ठेवली तर आता आपण अर्धं सत्य सांगतोय. आणि पूर्ण काढून टाकली तर पुढच्या गिऱ्हाइकाला काहीच कळत नाही. तारखेची ओळ जोडली की दोघांनाही न्याय होतो, सेंटरलासुद्धा.

या पद्धतीला मर्यादा आहेत. पावती नसेल, पैसे रोख दिले असतील, सगळं तोंडी झालं असेल, तर लिहिण्यासारखं कमी उरतं. अशा वेळी जे तोंडी झालं ते त्याच दिवशी मेसेज करून समोरच्याला पाठवायचं: ‘आज तुम्ही येऊन अमुक सांगितलं, अमुक रुपये घेतले.’ त्यांनी उत्तर नाही दिलं तरी तुमच्याकडे तारखेची नोंद होते. आणि कधी कधी सगळं नीट लिहूनही कोणी ढुंकून बघत नाही. मग १९१५ आहे, परळ आहे.

काकूंनी नंतर मला विचारलं, ‘पण त्यात माझा राग कुठे दिसला रे?’ मी म्हणालो, ‘काकू, सात ते दहा जून कोणी आलं नाही, हे वाचताना बघा की.’ त्यांनी परत वाचलं. म्हणाल्या, ‘हं. दिसतोय.’

तुमच्याकडे असा एखादा अर्धवट मजकूर फोनमध्ये पडून असेल, तर आधी कॉलची यादी आणि पावती शोधा, मग वाक्यांना हात लावा. भेटू पुढच्या भागात.